डहाळीसकट

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगठ्याने कारीट फोडून त्याचा थेंब जिभेला लावणारी आमची कोकणातली मंडळी. कडू तोंडाने सण सुरू करायचा, ही घरची रीत. दिवाळीत कारीट आणि चैत्रात, गुढीपाडव्याला, कडुनिंब. कोवळी पाने व फुले घेऊन त्यांत गूळ, चिंच, हिंग, जिरे, ओवा, मीठ आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालून वाटलेली ती गोळी गिळताना लहानपणी मी जेवढे तोंड वाकडे करीत असे, तेवढेच आज माझे चिरंजीव करतात. मात्र तीन वर्षांपूर्वीच्या पाडव्याला ती गोळी कुणाच्याच घशाखाली गेली नाही. ती का गेली नाही, तेच आज वाचकांना सांगायचे आहे.

वाडा सोडून आम्ही नव्या वसाहतीत राहायला आलो, त्यानंतरचा तो पहिला पाडवा. वाड्याच्या परसात कडुनिंब होता, म्हणून तो ओळखायचा प्रसंग आमच्यावर कधी आलाच नव्हता. मागच्या दारी जाऊन हात वर केला की पाला हाती येई. नव्या घरी आईने नातवाला सकाळीच पिटाळले. "मागच्या रस्त्याला लिंब आहे बघ, तिथला कोवळा पाला आण." चिरंजीव तेव्हा सातवीत. पंधरा मिनिटांत पिशवी भरून परतले. आजीचे काम वाचावे म्हणून त्यांनी वाटेतच देठ ओरबाडून सुटी पाने तेवढी आणली होती, आणि वर मूठभर फुले. आईने एक पान चावून पाहिले. चांगले कडू होते. तिची खात्री पटली.

फुले फिकट जांभळी होती. आई म्हणाली, "इकडची जात निराळी असेल." मी मराठीचा प्राध्यापक. जांभळी काय आणि पांढरी काय, मला त्यात वावगे असे काही दिसले नाही. सौ. वाटणाला बसणार, इतक्यात आमच्या महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पाडव्याच्या शुभेच्छा द्यायला आले. ताटातली फुले पाहून त्यांनी चपला काढता काढताच विचारले, "हा बकाण कशाला आणलात?"

बकाण, म्हणजे बकाणनिंब. आईने चावलेले पान थुंकले होते, रस फारसा पोटात गेला नव्हता. तरी प्राध्यापकमहाशयांनी आधी आमच्या डॉक्टरांना दूरध्वनी करायला लावला. डॉक्टरांनी आईला तोंड धुवायला सांगून दिवसभर लक्ष ठेवायला सांगितले. तिला काही झाले नाही. पाला कचऱ्यात गेला, आणि उन्हे कलल्यावर आम्ही सगळे ते झाड पाहायला गेलो.

झाडाखाली उभे राहून मी मनात म्हटले, मीही हेच तोडले असते. खोड तसेच, सावली तशीच, पाने तशीच करवती कडांची. मित्राने कडुनिंबाची एक डहाळी वाटेतच तोडून आणली होती. दोन्ही डहाळ्या हातात धरून त्यांनी आम्हाला जे दाखवले, ते मी जमेल तसे लिहितो.

आपण कडुनिंबाचे 'पान' म्हणून जे तोडतो, ते खरे म्हणजे पानाचा एक तुकडा असतो. त्याला पर्णिका म्हणतात. पूर्ण पान म्हणजे वीत-दीड वीत लांबीची मधली दांडी आणि तिच्या दोन्ही अंगांना समोरासमोर लागलेल्या पर्णिकांच्या दहाबारा जोड्या. कडुनिंबात या पर्णिका थेट मधल्या दांडीला लागतात, मध्ये फाटा नसतो. प्रत्येक पर्णिका विळ्यासारखी बाकदार असते, आणि मधल्या शिरेच्या एका अंगाला रुंद तर दुसऱ्या अंगाला अरुंद. बकाणाच्या पानात मधल्या दांडीला आधी फाटे फुटतात, कधी त्या फाट्यांना पुन्हा फाटे फुटतात, आणि पर्णिका त्या फाट्यांवर बसतात. त्या कडुनिंबापेक्षा आखूड आणि जरा अंडाकृती.

ऐकायला हे सोपे आहे. फसगत पुढेच आहे. बकाणाच्या पानाचा एकच फाटा तोडून हातात घेतला, तर तो अगदी कडुनिंबाच्या लहानशा पानासारखा दिसतो. मधे दांडी, दोन्ही बाजूंना पर्णिका! अर्धवट माहितीचा माणूस इथेच म्हणतो, "हा बघा, फाटे नाहीत, कडुनिंबच." मित्राने सांगितलेली खूण अशी की पान फांदीला जिथे लागते, तिथे देठाच्या बगलेत एक बारीक डोळा असतो, पुढच्या फुटीचा. फाट्याच्या किंवा पर्णिकेच्या बगलेत तो कधीच नसतो. म्हणून डोळा सापडेपर्यंत दांडीवरून खाली बोट न्यायचे. डोळ्यापासून टोकापर्यंत जेवढे असेल, तेवढे एक पान. ते एकदाच विभागलेले असेल तर कडुनिंब, दोनदा किंवा तीनदा विभागलेले असेल तर बकाण किंवा त्याचा घाटातला भाऊबंद निंबारा.

चिरंजीवांनी देठ टाकून सुटी पाने आणली, तेव्हा ही सगळी खूण त्यांनी रस्त्यावर टाकून दिली होती. आणि चवीवर विसंबून आईने जी परीक्षा केली, तिच्यात दोघेही उत्तीर्ण होतात, कारण बकाणही कडूच असतो. सुट्या पर्णिकांचा ढीग पुढ्यात आला तर तो निवडत बसू नये. तो टाकून द्यावा.

फुलांनी मात्र अजूनही वाचता आले असते. दोन्ही झाडे चैत्राच्या सुमारासच फुलतात, पण कडुनिंबाचे फूल पांढरे, आणि बकाणाच्या पाकळ्या फिकट जांभळ्या, मधोमध गडद जांभळी नळी. आमच्या ताटात ती नळी स्वच्छ दिसत होती. आम्हीच तिला 'जात निराळी' म्हणून माफ केले.

झाडाखाली मागल्या हिवाळ्यातली सुरकुतलेली पिवळी फळे पडली होती. मित्राने त्यांतले एक उचलले, आणि शेजारच्या वहिनी, ज्या आमच्याबरोबर आल्या होत्या, एकदम म्हणाल्या, "अहो, आमचा बाळ याच गोळ्यांनी दुकान-दुकान खेळतो!" जानेवारीत त्यांच्या चार वर्षांच्या बाळाला रात्री उलट्या आणि जुलाब सुरू झाले होते. तो इतका सुस्त पडला की दोन दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. काहीतरी बाहेरचे खाल्ले असेल, एवढाच निष्कर्ष तेव्हा निघाला. ती फळेच कारण होती असे आता कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण ती बाई त्या झाडाकडे ज्या नजरेने पाहत राहिली, ती मी विसरलेलो नाही.

बकाणाचे विष सगळ्या झाडात असते, पण फळात सर्वांत जास्त. एका झाडाचे फळ कमी विषारी तर दुसऱ्याचे अधिक, त्यामुळे 'आम्ही लहानपणी खाल्ले, काही झाले नाही' हा पुरावा फुकाचा. सहा-आठ फळांनी लहान मूल दगावू शकते, असे विषविज्ञानाची पुस्तके सांगतात. फळ खाल्ल्यावर काही तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशी, पोटात मुरडा, उलट्या, जुलाब सुरू होतात. मग गुंगी येते, तोल जातो, आणि प्रकृती बिघडत गेली तर झटके येतात, श्वास अडखळतो. यावर उतारा असा नाही. डॉक्टर लक्षणांप्रमाणे उपचार करतात, म्हणून वेळ दवडता कामा नये. घरी मिठाचे पाणी पाजून ओकारी काढायच्या फंदात पडू नये. मुलाला रुग्णालयात न्यावे, आणि बरोबर फळे व पाने असलेली एक डहाळी न्यावी. आणखी एक भ्रम मोडायला हवा. बुलबुलासारखे पक्षी ही फळे खुशाल खातात. पाखराला पचले म्हणून पोराला पचेल असे नाही.

आता माझ्या विषयातले थोडे. संस्कृतात बकाणाला 'महानिंब' म्हणतात. 'महा' हे विशेषण पाहून माणसाला वाटते, हा निंबाहून गुणकारी असावा. वैद्यांच्या दृष्टीने ते निराळेच द्रव्य आहे, आणि त्याची मात्रा ठरवणे हे वैद्याचे काम. लॅटिन नावांत तर याहून गंमत आहे. लिनीअसने १७५३ साली दोन्ही झाडे एकाच कुळनामाखाली घातली. बकाण 'मेलिया अझेडाराक', कडुनिंब 'मेलिया अझाडिराक्टा'. दोन्हींच्या मुळाशी एकच फारसी शब्द, आझाद दरख्त! पुढे १८३० साली झ्युसिअने कडुनिंबाला वेगळे काढून 'अझाडिराक्टा इंडिका' हे नाव दिले. म्हणजे मोठमोठ्या पंडितांनाही ही भावंडे एका घरात राहतात असे वाटत होते, तर आमच्या आईचे काय चुकले?

पण पान कडुनिंबाचेच निघाले म्हणजे काम संपले, असेही नाही. मलेशियात काही तान्ह्या मुलांना घरगुती औषध म्हणून निंबोणीचे तेल पाजले गेले आणि त्यांच्या मेंदूला व यकृताला गंभीर इजा झाली, हे तिथल्या डॉक्टरांनी १९८१ साली प्रसिद्ध केले. तेल आणि पाडव्याची सुपारीएवढी गोळी यांत महदंतर आहे. तरी तान्ह्या बाळाला आणि गरोदर बाईला आमच्या घरी आता ती गोळीही देत नाहीत. हे आईनेच ठरवले.

ही झाडे ओळखून ठेवायला पाडव्याची वाट पाहायला नको. उलट हाच, दिवाळीचा, काळ उत्तम. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडी पिकून गळून जातात, म्हणून कार्तिकात कडुनिंबावर फळ नसते. बकाणावर मात्र आता वाटाण्याहून मोठ्या, गोल, हिरवट-पिवळ्या फळांचे घोस लटकत असतात. थंडीत पाने झडून गेली तरी ते तसेच राहतात. फळ फोडले तर आत कठीण, कंगोरेदार आठळी निघते, आणि तिला मधोमध जणू ओवण्यासाठीच भोक असते. तिच्या जपमाळा करीत, त्या याचमुळे. निंबोळी लांबट असते आणि तिच्या बीला असे भोक नसते.

वसाहतीच्या मागच्या रस्त्यावरचे ते झाड अजून आहे. सावलीचे झाड, कुणी तोडणार नाही, तोडूही नये. वहिनींनी मात्र माळ्याला सांगून खालची फळे झाडून न्यायची व्यवस्था केली आहे. आणि आमच्या घरी चिरंजीव, जे आता कनिष्ठ महाविद्यालयात जातात आणि स्वतःला बरेच शहाणे समजतात, ते पाडव्याला पाला आणायला निघाले की आतून आईचा आवाज येतो, "डहाळीसकट आण रे! मला डोळा बघायचाय."

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिला तो चष्म्याशिवाय दिसतो. आम्हाला अजून शोधावा लागतो.