नाबाद म्हणजे काय?

वालावलला भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतात टेनिस चेंडूच्या क्रिकेटस्पर्धा सुरू होतात. मागच्या मोसमात अशाच एका स्पर्धेत उत्कृष्ट फलंदाजाचे बक्षीस सरासरीवर ठरले आणि वाद पेटला. एकाने चार डावांत चारदा बाद होऊन १२० धावा केल्या होत्या, सरासरी ३०. दुसरा शेवटी शेवटी खेळायला येणारा. त्याने चार डावांत ४४ धावा केल्या, पण तीनदा नाबाद राहिला, एकदाच बाद झाला. सरासरी ४४. चषक त्याला मिळाला. माझे एक सहकारी, मराठीचेच प्राध्यापक, तेथे उपस्थित होते. त्यांनी निकाल दिला: ‘नाबाद ही चोरवाट आहे. डावांनी भागा, म्हणजे खरे काय ते कळेल.’

बक्षीस चुकीच्या माणसाला गेले, हे मला मान्य आहे. पण सहकाऱ्यांनी सांगितलेले कारण मला मुळीच मान्य नाही, आणि ते आपल्या वर्गातल्या पुष्कळांचे मत असल्यामुळे त्याचा समाचार घेणे भाग आहे.

आपण गुणपत्रिका तपासणारी माणसे. सहा विषयांच्या गुणांची बेरीज करायची, सहाने भागायचे, ही आपली सरासरीची कल्पना. ती फलंदाजीला लावली की नाबाद डाव हा हजेरीपटातून गायब केलेला विद्यार्थी वाटू लागतो. वस्तुतः फलंदाजीची सरासरी ‘दर डावाला किती धावा’ हे सांगतच नाही. एकूण धावांना ती बाद होण्याच्या संख्येने भागते. म्हणजे या फलंदाजाचा बळी मिळवायला समोरच्या संघाला किती धावा मोजाव्या लागतात, हे ती सांगते. गोंधळ ‘सरासरी’ या शब्दाने केला आहे. आकड्याचा त्यात दोष नाही.

आता डावांनी भागले तर काय होते ते पाहू. पाच धावांवर नाबाद असताना सामना संपला. डावांनी भागणारा हा डाव पाच धावांचा पूर्ण डाव धरतो. म्हणजेच पुढच्याच चेंडूवर हा बाद झाला असता असे गृहीत धरतो. प्रत्येक नाबादाला कागदावर बाद करण्याचा हा उद्योग आहे, आणि त्याला ‘खरे काय ते’ म्हणायचे!

उलट रूढ सूत्र काय गृहीत धरते? येथे आपल्या कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांकडे वळले पाहिजे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात रणजी सामन्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळताना ते ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा १९३० मधला ४५२ धावांचा विक्रम (तोही नाबादच, हे विसरू नये) मोडायला दहा धावा हव्या होत्या. मध्यंतरानंतर काठियावाडचा संघ मैदानावर आलाच नाही; त्यांनी सामना सोडून दिला. डाव तेथे तुटला. संपला असे म्हणणे मात्र अवघड आहे.

निंबाळकरांच्या प्रथम श्रेणी कारकिर्दीतल्या धावा ४८४१, बाद १०१ वेळा, सरासरी ४७.९३. ही खेळी त्यांनी खेळलीच नसती तर ४३९८ भागिले १०१, म्हणजे ४३.५४. ती खेळून ते ४४३ वर बाद झाले असते तर ४८४१ भागिले १०२, म्हणजे ४७.४६. म्हणजे या खेळीने सरासरी साडेतीन-चारांनी वाढवली ती तिच्यातल्या धावांमुळे. ‘नाबाद’ या चिन्हाने स्वतंत्रपणे घातलेली भर जेमतेम अर्ध्या धावेची आहे. चोरवाट म्हणून जिचा गवगवा होतो ती ही.

पण अधिक विलक्षण गोष्ट पुढे आहे. समजा, तो डाव पुढे चालला, निंबाळकरांनी आणखी बरोबर आपल्या सरासरीइतक्या, ४७.९३ धावा केल्या आणि मग ते बाद झाले. धावा ४८८८.९३, बाद १०२. भागाकार करून पाहा: पुन्हा ४७.९३! हा योगायोग नाही. कोणत्याही फलंदाजाच्या आकड्यांवर हे पडताळता येईल. नाबादांना भाजकातून वगळणे म्हणजे प्रत्येक तुटलेला डाव त्या फलंदाजाच्या सरासरीने पुरा करणे. काठियावाडच्या संघाने निंबाळकरांना ४४३ वर थांबवले. सूत्राने त्यांना गुपचूप ४९१ पर्यंत, ब्रॅडमनच्या पुढे नेले आहे.

हे गृहीतक निर्दोष आहे काय? नाही. कोणत्याही क्षणी फलंदाज बाद होण्याचा धोका सारखाच असतो, असे त्यात मानलेले आहे. नवा फलंदाज पहिल्या काही धावांत अधिक वेळा बाद होतो आणि जम बसला की हा धोका घटतो, हे सर्वच जाणतात. त्यामुळे मोठ्या खेळीवर नाबाद राहिलेल्याला सूत्र थोडे कमीच देत असावे. मर्यादित षटकांच्या सामन्यात उलट घडते. शेवटच्या षटकांत फटकेबाजीमुळे धोका वाढतो, आणि षटके संपल्याने सुटलेल्या फलंदाजाला पुढच्या सबंध सरासरीचे दान मिळते. धोनीचे एकदिवसीय सामन्यांतले २९७ पैकी ८४ डाव नाबाद आहेत. त्याच्या ५०.५७ कडे पाहताना हे ध्यानात ठेवावे, पण म्हणून त्याला डावांनी भागून ३६ वर आणणे हा न्याय नव्हे. तो लावायचाच तर ब्रॅडमनलाही लावा: ८० कसोटी डाव, १० नाबाद, ६९९६ धावा, ९९.९४ चे ८७.४५ होतील. डावांनी भागू पाहणारे त्याला तयार होताना मला अद्याप दिसलेले नाहीत.

मग वालावलला चुकले कोठे? त्याचे उत्तर बिल जॉन्स्टन देतो. हा ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज, फलंदाजीत शेवटचा. १९५३ च्या इंग्लंड दौऱ्यात तो सतरा डावांत सोळा वेळा नाबाद राहिला, एकूण धावा १०२, सरासरी १०२. म्हणजे सूत्राने त्याच्या सोळा तुटक्या डावांत प्रत्येकी आणखी १०२ धावांची भर घातली. सूत्र तेच, पण निंबाळकरांच्या बाबतीत त्याच्यापाशी १०१ बळींचा पुरावा होता आणि येथे एकाच बळीचा. त्या एका बळीवरून सोळा डावांचे भविष्य वर्तवले गेले. आमच्या चषकविजेत्याचेही तेच: एकदा बाद, आणि तीन डावांत प्रत्येकी ४४ धावांची देणगी. तो डावाच्या अखेरीस येत होता, तेव्हा इतक्या धावा करायला चेंडू तरी कोठे शिल्लक होते?

तेव्हा सरासरी वाचताना पहिला प्रश्न ‘किती डाव’ हा नसून ‘किती वेळा बाद’ हा असावा. तक्त्यात डाव आणि नाबाद हे दोन रकाने शेजारी छापतात. वजाबाकी वाचकाने करायची असते आणि ती कोणी करत नाही. नाबाद राहून सरासरी फुगवता येते, हा आरोपही वजाबाकी न करण्यातूनच येतो. शून्यावर नाबाद राहिलेल्याची सरासरी तसूभरही हलत नाही. ती वाढायला धावाच कराव्या लागतात.

यंदा मंडळाने नियमात एक ओळ घातली आहे: निदान तीनदा बाद झालेल्यांचीच सरासरी धरली जाईल. सहकाऱ्यांनी ती वाचली, आणि मग ज्याला कोणी बादच करू शकले नाही त्याला बक्षिसातून वगळणार काय, असे मला विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याच्यासाठी वेगळा चषक ठेवावा असे मी मंडळाला सुचवले आहे. वर्गणी किती पडेल हे अद्याप ठरायचे आहे.