दार लागल्यावरची झडती

वसई पूर्वेच्या गोखिवरे, वालीव, सातिवली या पट्ट्यात जे शेकडो गाळेवाले प्लास्टिकच्या नि लोखंडाच्या वस्तू घडवितात, त्यांच्या कचेऱ्यांतून डिसेंबर महिन्यात रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात. वस्तू व सेवा कराचे वार्षिक विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत सादर व्हावे लागते. उलाढाल दोन कोटींहून अधिक असेल तर GSTR-9, आणि पाच कोटींहून अधिक असेल तर त्यासोबत GSTR-9C हे ताळमेळपत्रक. २०२०-२१ या वर्षापासून या पत्रकावर सनदी लेखापालाच्या सहीची सक्ती उरली नाही; धनी स्वतःच त्याची ग्वाही देतो. ही सवलत योग्यच होती. परंतु या साऱ्या खटाटोपात एक विसंगती आहे आणि ती लहान उद्योजकाच्या खिशाला नेमकी कशी झोंबते, ते आज आम्हांस वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

कल्पनेने एक गाळा डोळ्यांसमोर आणू. २०२४-२५ मध्ये त्याची विक्री ५ कोटी ४० लाख रुपयांची. वार्षिक विवरणपत्रात मात्र ५ कोटी ४४ लाख दिसतात. हा चार लाखांचा फरक पाहून घाबरण्याचे कारण नाही. जुने यंत्र विकले, त्यावर कर आकारला. पण हिशेबाच्या वहीत ती रक्कम विक्रीत न धरता यंत्राच्या किंमतीतून वजा झाली. ताळमेळपत्रकात कारण लिहिले की प्रकरण मिटले.

खरी गोम खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीत, म्हणजे व्यापाऱ्यांच्या बोलीतील ‘इनपुट क्रेडिट’मध्ये आहे. या गाळ्याच्या वहीत वजावट ६१ लाख २० हजारांची, विवरणपत्रात ५८ लाख ५० हजारांची. तूट २ लाख ७० हजार. त्यांपैकी १ लाख ८० हजारांचा उलगडा सोपा आहे. वापीहून मार्चअखेर प्लास्टिकचे दाणे आले, पुरवठादाराने ते बीजक एप्रिलच्या विवरणपत्रात दाखविले, आणि वजावट ओघानेच नव्या वर्षात घेतली गेली. ताळमेळपत्रकाच्या बाराव्या तक्त्यात ‘या वर्षी नोंदलेली, पुढील वर्षी घेतलेली’ अशा रकमेसाठी स्वतंत्र रकाना आहे. तेथे ती गेली.

उरले ९० हजार. यांचे मूळ शोधण्याची अनुभवी कारकुनांची रीत साधी आहे: फरकास कराच्या दराने भागावे. १८ टक्के दराने ९० हजार म्हणजे पाच लाखांचा माल. वहीत पाच लाखांचे बीजक शोधताच सापडले. भिवंडीहून आणलेला साचा! पुरवठादाराने कर भरला, पण बीजक नोंदविताना खरेदीदाराचा क्रमांकच चुकीचा टाकला आणि ती वजावट कोणा तिऱ्हाइताच्या खाती पडली. म्हणून ती या गाळ्याच्या GSTR-2B मध्ये कधी दिसलीच नाही. वार्षिक विवरणपत्रातील आपोआप भरणाऱ्या आठव्या तक्त्यातही दिसली नाही. सरकारी आकडे परस्परांशी तंतोतंत जुळत होते! चूक उघडी पडली ती केवळ स्वतःच्या वहीशी पडताळल्यावर. ज्यांना ताळमेळपत्रक लागूच नाही अशा धाकट्या गाळेवाल्याला तर आपण काय गमावले याचा पत्ताही लागत नसेल.

आणि पत्ता लागून तरी काय उपयोग? वर्षाची राहिलेली वजावट घेण्याची आणि पुरवठादारास चूक दुरुस्त करण्याची मुदत ३० नोव्हेंबरलाच संपते. वार्षिक विवरणपत्रातून नवी वजावट मागता येत नाही. ते पत्रक एकदा सादर झाले की सुधारताही येत नाही. कर कमी भरला असल्यास मात्र DRC-03 ने तो १८ टक्के व्याजासह भरण्याची वाट खुली असते. म्हणजे सरकारचे येणे डिसेंबरात सापडले तर चालते, नागरिकाचे सापडले तर चालत नाही.

खोट्या बीजकांवर वजावटी लाटणाऱ्यांमुळे निर्बंध घालावे लागले, हे आम्ही नाकारीत नाही. पण भिवंडीच्या साच्यावरील कर तिजोरीत जमा आहे. येथे लबाडी कोठे आहे? शिवाय ही मुदत फार आखूड होती, हे शासनानेच एकदा मान्य केले आहे. २०२४ च्या वित्त कायद्याने कलम १६ मध्ये पोटकलम ५ घालून २०१७-१८ ते २०२०-२१ या चार वर्षांच्या वजावटींस ३० नोव्हेंबर २०२१ पर्यंतची मुदत मागाहून दिली. मात्र ज्यांनी नोटिशीला भिऊन आधीच पैसे भरले, त्यांना परतावा नाकारला. ही मागाहूनची दया नको. पुरवठादाराने कर भरल्याचे सिद्ध असेल तेथे वार्षिक विवरणपत्रातूनच वजावट घेऊ द्यावी, असा प्रस्ताव महाराष्ट्राने कर परिषदेत मांडावा. तोवर वसईच्या गाळेवाल्यांनी वहीची GSTR-2B शी पडताळणी डिसेंबरवर न टाकता दिवाळीपूर्वीच उरकावी. भिवंडीच्या पुरवठादारास फोन करावयास तेव्हा निदान काही आठवडे हाती असतात.