घरचे कोलेस्टेरॉल यंत्र आणि लॅबचा कागद

पूर्णेहून एका भगिनीने सलाम लिहून दोन कागद पाठवले आहेत. एक घरच्या यंत्रावरचे आकडे उतरवलेली चिठ्ठी, दुसरा लॅबचा रिपोर्ट. दोन्ही एकाच सकाळचे, उपाशीपोटी घेतलेल्या रक्ताचे. त्यांचे अब्बा रेल्वेतून निवृत्त झालेले, मधुमेह जुना, कोलेस्टेरॉलची गोळी तीन महिन्यांपासून चालू. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, १०० च्या खाली आणायचे असे डॉक्टरांनी सांगितले होते. मुलाने परदेशातून आणलेल्या यंत्राने ते ८६ दाखवले आणि अब्बा म्हणाले, आता गोळी कशाला? लॅबने १०७ सांगितले. भगिनी विचारतात, खरे कोणाचे मानायचे?

आधी दोन्ही कागद शेजारी ठेवू. यंत्रावर एकूण कोलेस्टेरॉल १६२, लॅबमध्ये १७६. चांगले कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, यंत्रावर ४६, लॅबमध्ये ४१. ट्रायग्लिसराइड यंत्रावर १५०, लॅबमध्ये १४०. एकेक जोडी पाहिली तर फरक फार वाटत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कोलेस्टेरॉल कार्यक्रमाने १९९० च्या दशकात चुकीची मर्यादा आखून दिली होती. एकूण कोलेस्टेरॉलला सुमारे ९ टक्के, एचडीएलला १३ आणि ट्रायग्लिसराइडला १५ टक्के. त्या मापाने अब्बांचे यंत्र तिन्ही परीक्षांत पास आहे.

मग एलडीएलमध्ये २१ चा फरक कुठून आला? बोटाच्या थेंबावर चालणारी बहुतेक यंत्रे एलडीएल मोजतच नाहीत, वजाबाकी करून काढतात. फ्रीडवाल्ड यांचे हे सूत्र १९७२ चे आहे. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. या वेळी यंत्राने एकूण आकडा १४ ने कमी दाखवला, वजा करायचा एचडीएल ५ ने जास्त, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग २ ने जास्त. तिन्ही चुका एकाच बाजूला पडल्या. १४, ५ आणि २ मिळून २१. लॅबचा १०७ देखील याच सूत्राने निघाला आहे, पण त्याच्या मुळाशी असलेले तीन आकडे अधिक भरवशाचे आहेत. (ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे सूत्र लॅबमध्येही वापरत नाहीत.)

दोन्हीकडची रासायनिक क्रिया तशी एकाच घराण्यातली आहे. रक्तातल्या कोलेस्टेरॉलवर एन्झाइम काम करतात, रंग येतो, रंग जितका गडद तितका आकडा मोठा. लॅबमध्ये शिरेतून काही मिलिलिटर रक्त घेऊन, ते फिरवून लाल पेशी वेगळ्या करतात, वरचा सीरम ठरलेल्या तापमानाला तपासतात. माहीत असलेल्या किमतीचा नमुना लावून मशीनही पडताळतात. पट्टीला हे सगळे एका थेंबात आणि एक-दोन मिनिटांत उरकायचे असते. थेंब कमी पडला, बोट जोरात पिळले आणि पेशींभोवतीचे पाणी रक्तात मिसळले, की आकडा घसरतो. वजू करून हात नीट न पुसता सुई टोचली तरी तेच. हातावर ग्लिसरीनचे क्रीम असेल तर ट्रायग्लिसराइड खोटे वाढते, कारण पट्टी ट्रायग्लिसराइडमधले ग्लिसरॉलच मोजते. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या चालू असतील तर रंग फिका पडतो. आणि आपल्याकडचा उन्हाळा! बहुतेक पट्ट्यांच्या डबीवर ३० अंशांपर्यंतची मर्यादा छापलेली असते, परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो. खिडकीत ठेवलेली डबी तारीख संपण्याआधीच बाद होऊ शकते.

पट्टी बदलून चार वेळा तपासले तर खरे कळेल का, असेही भगिनींनी विचारले आहे. हात चुकला असेल तर कळेल. पण ती डबीच कमी दाखवणारी असेल तर चारही आकडे कमी येतील, आणि एकमेकांशी जुळल्यामुळे खरेही वाटतील.

म्हणून १०७ धरावे. लॅबही चुकते, दंडाला पट्टा फार वेळ बांधून ठेवला तर आकडा थोडा चढतो. पण तेवढ्याने १०७ चे ८६ होत नाहीत. गोळी मात्र यंत्रावर ८६ आले म्हणून थांबवायची नव्हती, आणि लॅबने ८६ सांगितले असते तरी नव्हती. तो आकडा गोळी चालू असतानाचा आहे, ती बंद केली की काही आठवड्यांत पुन्हा चढतो. अब्बांनी गोळी सोडली असेल तर किती दिवस झाले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, लॅबचा कागद दाखवावा आणि मात्रा तीच ठेवायची की वाढवायची हे त्यांनाच ठरवू द्यावे. यंत्र फेकायची गरज नाही. एकूण कोलेस्टेरॉल २४० वरून १६० वर आले एवढा मोठा उतार ते दाखवते. १०० च्या अलीकडे की पलीकडे, हे मात्र त्याला विचारू नये.