खेळाचे तास आणि झोपेचा हिशेब

मोबाइलवरील खेळ ही तक्रार घेऊन शालेय समुपदेशकाकडे येणारे पालक बहुधा तासांपासून सुरुवात करतात. मुलगा रोज पाच तास खेळतो, सहा तास खेळतो. हे व्यसनच नव्हे काय? समुपदेशकांच्या प्रशिक्षणवर्गात शिकवण्याची पहिली गोष्ट अशी की, या प्रश्नाचे उत्तर तासांवरून देता येत नाही. सुटीत रोज सहा तास खेळणारा मुलगा शाळा उघडताच सावरू शकतो, आणि रोज तीनच तास, पण तेही मध्यरात्रीनंतर खेळणारा मुलगा वर्षभरात अभ्यास, मित्र आणि प्रकृती तिन्ही गमावू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ला स्थान दिले. ही आवृत्ती 2019 मध्ये स्वीकारली गेली आणि 1 जानेवारी 2022 पासून अमलात आली. तीत तासांची मर्यादा कोठेही दिलेली नाही. पाहायचे ते एवढेच: खेळावरचा ताबा सुटला आहे काय, इतर आवडी व दैनंदिन कामे मागे सारून खेळ पुढे आला आहे काय, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच आहे काय. या तिन्ही गोष्टींमुळे घर, शाळा वा मैत्री यांची लक्षणीय हानी झालेली असावी आणि हे सामान्यतः बारा महिने चाललेले असावे. लक्षणे सर्व आणि तीव्र असतील तर हा काळ कमी धरता येतो. निदान करणे हे मनोविकारतज्ज्ञाचे काम. समुपदेशकाने नीट माहिती गोळा करायची, तातडी ओळखायची आणि कुटुंबाला कामाला लावायचे.

प्रशिक्षणासाठी रचलेले एक प्रकरण येथे तपशिलाने पाहू. मुलाचे नाव पार्थ समजू. वय चौदा, इयत्ता नववी. वडिलांचे जिल्ह्याच्या गावी कापडाचे ठोक दुकान, आईही सायंकाळी नऊपर्यंत दुकानात, घरी आजोबा. सहामाहीत गुण 78 टक्क्यांवरून 54 वर आले आणि वर्गात तो झोपू लागला. आजोबांच्या फोनवरून खेळातील पोशाख व शस्त्रांसाठी 3,400 रुपये गेल्याचे महिनाअखेरीस बँकेच्या उताऱ्यात दिसले. वडिलांनी फोन काढून दुकानाच्या गल्ल्यात कुलूपबंद केला. मुलाने दोन दिवस अन्न घेतले नाही, तिसऱ्या दिवशी दुकानातल्या नोकराचा जुना फोन मिळवला आणि पुन्हा खेळ सुरू झाला.

समुपदेशक बाईंनी आईवडिलांना वेगळे भेटून घेतले, मग पार्थला एकट्याला. या क्रमाला महत्त्व आहे. पहिलीच भेट सर्वांसमोर घेतली तर मुलगा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि पुढे तोंड उघडत नाही. बाईंनी पार्थला व्यसनाबद्दल काही विचारले नाही. कोणता खेळ, कोणती रँक, संघात कोण कोण, असे विचारले. मग त्यालाच त्याच्या फोनमधील Digital Wellbeing उघडायला सांगितले. नोंद निघाली ती अशी: शाळेच्या दिवशी दुपारी चार ते साडेपाच आणि रात्री दहा ते दीड, म्हणजे रोज पाच तास, शनिवार-रविवारी आठ-आठ. आठवड्याचे 41 तास. व्यापारी घरातील माणसाला रोजमेळ वाचता येतो, तसाच हा कागदही वाचता यावा. एकूण आकड्यापेक्षा नोंद कोणत्या वेळेवर पडली आहे ते पाहायचे. दोन वाजता झोपून सव्वासहाला उठणाऱ्या या मुलाला सव्वाचार तास झोप मिळत होती. या वयात गरज आठ ते दहा तासांची असते. गुणांची घसरण आणि वर्गातली पेंग यांचे बरेचसे उत्तर येथेच मिळाले.

त्यानंतर नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली. प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण, एकूण 45. पार्थचे 31 आले. नऊपैकी चार प्रश्नांना त्याने ‘अगदी वारंवार’ असे उत्तर दिले होते. काटेकोर निकषाप्रमाणे पाच लागतात. नवख्या समुपदेशकाची चूक नेमकी येथे होते: 31 हा आकडा पाहून तो पालकांना ‘व्यसन आहे’ असे सांगून मोकळा होतो. प्रश्नावली केवळ चाळणी आहे. बाईंनी पुढे चौकशी केली तेव्हा कळले की हे सारे सात महिन्यांचे आहे, चाचणीच्या आदल्या रात्री तो आपणहून फोन ठेवतो, आणि रविवारी सकाळी क्रिकेटला अजूनही जातो. म्हणजे ताबा पूर्ण सुटलेला नाही, मात्र हानी सुरू झाली आहे. आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात अशा स्थितीसाठी ‘धोकादायक गेमिंग’ अशी, आजाराहून निराळी, नोंद आहे. ‘व्यसनी’ हा शब्द घरात उच्चारायचा नाही, असे पालकांना पहिल्याच दिवशी बजावण्यात आले.

मुलगा खेळातून काय मिळवतो, हा प्रश्न यानंतरचा. जूनमध्ये तुकडी बदलली आणि पार्थचे तिन्ही जुने मित्र दुसऱ्या वर्गात गेले. नव्या वर्गात त्याच्या वजनावरून टिंगल होई. रात्री दहाला मात्र चौघांचा संघ जमे आणि त्यात तो नायक असे. हे ठाऊक नसताना फोन हिसकावणे म्हणजे मुलाचा उरलेला एकमेव गोतावळा हिसकावणे होय. याच भेटीत उदासी, लहानपणापासूनची चंचलता, घरातील मारहाण आणि मरणाचे विचार यांबद्दल थेट विचारायचे असते. विचारल्याने तसे विचार मुलाच्या मनात शिरतील ही भीती निराधार आहे. पार्थच्या बाबतीत उत्तर नकारार्थी आले. होकारार्थी असते, किंवा शाळा पूर्ण सुटली असती, घरात हिंसा होत असती, तर समुपदेशकाने एकट्याने हाताळायचे नाही. त्याच दिवशी पालकांना विश्वासात घेऊन मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचे. शासनाची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर मिळते, तोही पालकांना लिहून द्यावा.

उपचाराची खरी बैठक मुलाविना झाली. आई, वडील आणि आजोबा तिघेही होते. एकत्र कुटुंबात नियम एक जण करतो आणि मायेपोटी दुसरा मोडतो. आजोबांनी सरळ सांगितले, “पोर रडवेलं झालं की मला बघवत नाही, मी माझा फोन देतो.” त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता, आधी त्यांच्या फोनचा व्यवहाराचा पिन बदलला. 3,400 रुपये माफ न करता, शिक्षेची भाषाही न वापरता, पार्थच्या नावे उसने मांडून खाऊच्या पैशांतून दरमहा 200 फेडायचे ठरले.

पहिले पाऊल रात्रीपुरते होते. दहा वाजता घरातील सर्व फोन दिवाणखान्यात चार्जिंगला लागतील. सर्व, म्हणजे वडिलांचाही. येथे बैठक अडली. “रात्री बाहेरगावच्या व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी येतात, मॅडम,” असे वडील म्हणाले. दुकानाचे सिमकार्ड साध्या फोनमध्ये घालावे, तातडीचे असेल तर माणूस फोन करतो आणि संदेश सकाळी पाहता येतात, असा तोडगा निघाला. गजरासाठी फोन जवळ हवा ही मुलाची सबब अगोदरच ओळखून गजराचे घड्याळ आणले गेले. ही बाब क्षुल्लक वाटते, पण अशा योजना मोडतात त्या बहुधा अशाच एखाद्या सबबीवर.

दुसरी गोष्ट पालकांना ठाऊक नसते. संघाने खेळायच्या अशा खेळाचा एक डाव साधारण पंचवीस-तीस मिनिटे चालतो आणि मध्ये थांबवता येत नाही. बाहेर पडले तर साथीदार हरतात, रँक घसरते. “बरोबर आठला बंद कर” असा हुकूम डावाच्या मध्यावर आला म्हणजे भांडण ठरलेलेच. म्हणून मर्यादा घड्याळाची न ठेवता डावांची ठेवली: शाळेच्या दिवशी चार डाव, शेवटचा डाव नऊनंतर सुरू करायचा नाही. पार्थ या बैठकीला नंतर बोलावला गेला आणि हे कलम त्यानेच सुचवले. करार कागदावर लिहून चौघांनी सह्या केल्या. मोडला तर दुसऱ्या दिवशी दोन डाव कमी, एवढेच. महिनाभर फोन बंद अशी मोठी शिक्षा घरच्यांना पेलवत नाही आणि तिसऱ्या दिवशी ती मागे घ्यावी लागते.

पहिले दहा दिवस राग वाढतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे लागते. चौथ्या रात्री पार्थने दार आपटले, आरडाओरड केली. त्या रात्री फोन दिला असता तर पुरेसे ओरडले की नियम वाकतो एवढेच तो शिकला असता, आणि पुढची खेप अधिक अवघड झाली असती. दरम्यान शाळेच्या बाजूचे काम बाईंचे होते. टिंगलीबाबत वर्गशिक्षकांशी बोलणे झाले आणि जुन्या मित्रांपैकी एकाबरोबर आठवड्यातून तीन सायंकाळी बॅडमिंटन ठरले. खेळ काढून घेतलेली वेळ रिकामी ठेवली तर ती पुन्हा खेळानेच भरते.

येथे एक फरक नोंदवला पाहिजे. रील पाहत राहणाऱ्या मुलामुलींना डावांचा हिशेब लागू पडत नाही, कारण तेथे डाव संपतच नाही. स्मार्टफोनचा अतिवापर हा वर्गीकरणात स्वतंत्र आजार म्हणून आलेलाही नाही. अशा वेळी ॲपची वेळमर्यादा आणि शयनगृहाबाहेर फोन, हीच साधने उरतात. मुली फार आवाज न करता पाहत बसतात, म्हणून त्यांची तक्रार घेऊन कोणी येत नाही. शिक्षकांनी वर्गातली झोप आणि गैरहजेरी यांवरून त्यांना हेरावे.

सहा आठवड्यांनी फेरतपासणी झाली. मोजले ते गुण नव्हेत, तर झोपण्याची वेळ, वर्गातील हजेरी आणि आठवड्याचे तास. झोप अकरापर्यंत आली होती, तास 41 वरून 24 वर. शून्य हे ध्येय कधीच नव्हते. दिवाळीच्या सुटीत गाडी पुन्हा घसरली, रात्रीचे दोन वाजू लागले. शाळा उघडण्याच्या चार दिवस आधी तोच करार पुन्हा काढून सह्या झाल्या. याही वेळी सहा ते आठ आठवड्यांत झोप सावरली नसती तर तज्ज्ञाकडे पाठवायचे हे आधीच ठरलेले होते. या विकारासाठी म्हणून मान्यता मिळालेले औषध नाही. तज्ज्ञ औषध देतात ते सोबत असलेल्या उदासी, चिंता वा चंचलतेसाठी, आणि पालकांनी त्याविषयी गैरसमज करून घेऊ नये.

तिसऱ्या महिन्याच्या भेटीत बाईंनी पार्थला विचारले की घरातला कोणता नियम सर्वांत जास्त मोडतो. तो म्हणाला, “पप्पांचा फोन. आठवड्यातून दोनदा तरी आतच असतो.” वडील शेजारीच बसले होते. बाईंनी ती नोंद करारात तशीच लिहून घेतली आणि दंडाच्या रकान्यात काय लिहायचे ते त्यांनाच विचारले.