परीक्षेच्या दिवसापासून मागे येताना

परीक्षेचे वेळापत्रक हाती येते तेव्हा पुस्तकातील निम्मे घटक उघडलेले आणि निम्मे कोरे, अशी आपल्यापैकी अनेकांची अवस्था असते. त्या वेळी बहुतेक जण पहिल्या घटकापासून पुन्हा सुरुवात करतात. माझ्या मते ही रीत मोडली पाहिजे. तिच्यामुळे पहिले चार घटक तीनदा वाचले जातात आणि शेवटचे चार एकदाही नाही. नियोजन पेपरच्या दिवसापासून आजच्या दिवसाकडे, म्हणजे उलट दिशेने करावे.

एक उदाहरण घेऊ. डोंबिवली पूर्वेला राहून फोर्टमधील कार्यालयात नोकरी करणारा एक विद्यार्थी आहे, त्याचा साहित्यशास्त्राचा पेपर २० मे रोजी आहे आणि आज १ एप्रिल, बुधवार आहे, असे समजा. पुस्तकात सोळा घटक आहेत, त्यांपैकी आठ ‘सुरू केलेले’. अन्य पेपरांना वेळ देऊन या पेपरसाठी त्याच्याकडे आठवड्यातील चार रात्री एकेक तास आणि रविवारी दोन तास, म्हणजे सहा तास उरतात. हातात बरोबर सात आठवडे आहेत.

प्रथम मागची टोके बांधू. १५ ते १९ मे या पाच दिवसांत नवे काहीही वाचायचे नाही; स्वतःची टिपणे तेवढी पाहायची. त्याआधीचा ८ ते १४ मे हा आठवडा लेखनाचा. रविवारी, १० मे रोजी, घड्याळ लावून एक संपूर्ण पेपर लिहायचा आणि इतर रात्री एकेक दीर्घोत्तर. नोकरी करणाऱ्याचा हात सलग लिहिण्यातून सुटलेला असतो, म्हणून या आठवड्यावर कात्री चालवू नये. त्याच्याही आधीचा आठवडा, १ ते ७ मे, उजळणीचा. यावरून एक तारीख आपोआप निघते : नवा घटक उघडण्याचा शेवटचा दिवस ३० एप्रिल. विद्यार्थ्याने भिंतीवर लिहावी ती हीच तारीख. २० मे नव्हे.

एप्रिलमध्ये चार आठवडे व वर दोन दिवस, म्हणजे सुमारे पंचवीस तास. त्यांतून लग्नसराई, पाहुणे, रात्री उशिरा सुटलेली गाडी यांचे चार-पाच तास आधीच वजा करा. अभ्यासकेंद्राचे संपर्कसत्र ठाण्याला वा कल्याणला असेल आणि त्याच रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असेल, तर तो रविवारही फारसा हाती लागत नाही. उरले वीस तास.

आता मागणी पाहू. येथे ‘सुरू केलेले’ या शब्दाने फसगत होते. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर घटकातील पाच मुद्दे स्वतःच्या वाक्यांत लिहून पाहा. ते जमले तर घटक झाला. केवळ शीर्षके आठवली तर तो अर्धवट. आपल्या विद्यार्थ्याचे आठ उघडलेले घटक या कसोटीवर तीनच उतरले, पाच अर्धवट निघाले. रससिद्धान्ताचा घटक त्यांतलाच. भरताचे रससूत्र वाचून झाले, भट्ट लोल्लट झाला, शंकुक झाला आणि खूण तेथेच राहिली. परंतु रसनिष्पत्तीच्या चर्चेचा गाभा पुढे आहे : भट्टनायकाचे साधारणीकरण आणि अभिनवगुप्ताने त्यावर दिलेले उत्तर. तेथवर न पोहोचलेल्या वाचकाला निम्मे उत्तरही लिहिता येत नाही, कारण पहिल्या दोघांचे महत्त्वच नंतरच्या दोघांनी त्यांच्यावर घेतलेल्या आक्षेपांतून कळते. तेव्हा अर्धवट घटकाला एक तास पुरेल असे मानू नका, दोन धरा. पूर्ण कोऱ्या घटकाला तीन. पाच अर्धवट घटकांचे दहा आणि आठ कोऱ्यांचे चोवीस, एकूण चौतीस तास. जवळ वीस आहेत.

ही चौदा तासांची तूट पहाटे चारचा गजर लावून भरून निघत नाही. चार दिवसांनी तो गजर बंदच होतो. तूट भरायची ती निवडीने. पाच अर्धवट घटक पूर्ण करायचे, कारण त्यांत आधीचे श्रम गुंतलेले आहेत. उरलेल्या दहा तासांत दोन कोरे घटक पूर्ण खोलीने, सहा तास. चार घटक केवळ टीप लिहिता येईल इतपत, प्रत्येकी एक तास. आणि दोन घटक सोडायचे. सोडायचे ते १ एप्रिललाच ठरवून सोडायचे. मे महिन्यात आपोआप सुटलेला घटक मनाला टोचत राहतो आणि शेवटच्या आठवड्यात नको तेव्हा उघडला जातो.

निवड करताना मागील प्रश्नपत्रिका पाहाव्यात हे सर्व जण सांगतात आणि ते योग्यच आहे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोणता घटक कोणावर उभा आहे. शब्दशक्तीचा घटक कोरा आहे आणि त्यावर प्रश्न क्वचित दिसतो, म्हणून तो सोडावासा वाटेल. परंतु आनंदवर्धनाचा ध्वनिविचार सगळा व्यंजनेवर उभा आहे; अभिधा आणि लक्षणा यांपासून व्यंजना वेगळी कशी, हे न समजता ध्वनी केवळ पाठच करावा लागेल. म्हणून शब्दशक्ती पूर्ण वाचायची आणि तीही ध्वनीच्या आधी. दुसरा घटक काव्यप्रयोजनांचा घ्यावा; मम्मटाने सांगितलेली सहा प्रयोजने मुद्देसूद असल्याने तीन तासांत त्यांचे नीट उत्तर तयार होते. वामनाची रीती, कुंतकाची वक्रोक्ती, क्षेमेंद्राचे औचित्य आणि अलंकारविचार यांना टिपेपुरता एकेक तास द्यावा. कुंतकावर हा थोडा अन्याय आहे, परंतु परीक्षेनंतर त्याच्याकडे परत जाता येते.

गाडीतील वेळ या हिशेबात धरलेला नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. डोंबिवली ते मुंबई हा तासाभराहून अधिक प्रवास वाचनाला उत्तम, असे सांगितले जाते. उभ्याने, किंवा चौथ्या सीटवर अर्धे टेकून, अभिनवगुप्त प्रथमच वाचून समजतो असे मला वाटत नाही. काल रात्री वाचलेल्या घटकाचे मुद्दे मात्र पुस्तकाशिवाय मनात मांडता येतात. कार्डावर पाच शब्द लिहून ते खिशात ठेवावे. दिव्याला एखादा मुद्दा अडला तर ठाण्याला कार्ड पाहावे. हे काम गर्दीतही होते आणि मेमधील उजळणी हलकी करते.

१५ एप्रिलला एकदा हिशेब तपासा. तोवर शब्दशक्ती आणि ध्वनीसह तीन अर्धवट घटक कोऱ्या कागदाच्या कसोटीला उतरले पाहिजेत. उतरले नसतील तर ३० एप्रिलची तारीख पुढे सरकवू नका. टिपेच्या चार घटकांतील एक कमी करा. तारीख सरकली की ती लेखनाचा आठवडा खाते आणि त्याचा पत्ता थेट परीक्षागृहात, तिसऱ्या प्रश्नाला वेळ अपुरा पडल्यावर लागतो.

परीक्षा पुढे ढकलली जाईल या बातमीवर आराखडा बेतू नये. खरोखरच आठवडाभर पुढे गेली, तर शेवटचे तीन टप्पे तसेच उचलून आठ दिवस पुढे न्यावेत आणि मोकळा झालेला आठवडा सोडलेल्या दोन घटकांपैकी एकाला द्यावा.