पाकिटावरचा टक्का आणि दिवसभराची बेरीज

फरसाणाच्या पाकिटामागे पोषणमूल्यांचा छोटा तक्ता असतो. त्यात सोडियमच्या ओळीत शेवटच्या रकान्यात ८ टक्के असा आकडा आढळला, की अनेकांना दोन प्रकारे समाधान वाटते. काहींना वाटते, फरसाणात मीठ अवघे ८ टक्के आहे. काहींना वाटते, आठच टक्के म्हणजे चिंता नाही. हे दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. पदार्थात काय किती आहे, हे तो टक्का सांगत नाही. एका प्रौढ व्यक्तीला साऱ्या दिवसासाठी जी मर्यादा ठरवून दिली आहे, तिच्यातला किती हिस्सा या पदार्थाच्या एका वाढणीने खर्ची पडला, हे तो सांगतो.

ही मर्यादा आपल्याकडे अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनी निश्चित केली आहे. २००० किलोकॅलरी ऊर्जेचा आहार गृहीत धरून त्यात एकूण स्निग्ध पदार्थ ६७ ग्रॅम, संपृक्त स्निग्धांश २२ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम असे आकडे धरले जातात. आज यांपैकी सोडियमचाच विचार करू, कारण हिशेब चुकतो तो बहुधा त्याच्याच बाबतीत. साखर जिभेला कळते, तेल बोटांना लागते. पण पावात मीठ आहे हे खाणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

२००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ, सपाट भरलेला एक लहान चमचा. एक ग्रॅम मिठात सुमारे ३९० मिलिग्रॅम सोडियम असते. मर्यादा २००० असल्यामुळे गणितही सोपे होते: सोडियमच्या मिलिग्रॅमला २० ने भागले, की दिवसाचा टक्का मिळतो. छापलेला टक्का मात्र एका वाढणीपुरता असतो आणि वाढणी केवढी हे उत्पादक ठरवतो. आपल्या उदाहरणातल्या पाकिटावर १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे आणि वाढणी धरली आहे २० ग्रॅमची. म्हणजे १६० मिलिग्रॅम, म्हणून ८ टक्के. परंतु संध्याकाळी चहाबरोबर भरलेली वाटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिली, तर तिच्यात ५० ग्रॅम फरसाण सहज बसते. मग तेच ८ टक्के २० होतात. यासाठी छापील टक्क्यापेक्षा १०० ग्रॅमच्या रकान्यावर भिस्त ठेवावी आणि आपली वाटी एकदा तोलून घ्यावी.

आता चौघांच्या एका घरातल्या प्रौढ माणसाचा दिवस मांडून पाहू. पाकिटांनुसार आकडे बदलतील, म्हणून पुढचे आकडे केवळ नमुन्याचे समजावेत. सकाळी पावाचे दोन तुकडे, मिळून ५६ ग्रॅम. १०० ग्रॅममागे ४५० मिलिग्रॅम धरले तर साधारण २५०, म्हणजे १३ टक्के. त्यावर १० ग्रॅम खारे लोणी, ४ टक्के. दुपारच्या ताटात ११ ग्रॅमचा एक पापड, ९ टक्के. १० ग्रॅम लोणचे, १०० ग्रॅममागे ४५०० मिलिग्रॅम असलेले. त्याचे ४५० मिलिग्रॅम, म्हणजे २३ टक्के. चमचाभर लोणच्याने पावाला कधीच मागे टाकले आहे! संध्याकाळचे फरसाण २० टक्के. पाकिटांतून आलेली ही बेरीज ६९ टक्के झाली. कित्येक जण इथेच थांबतात आणि अजून ३१ टक्के शिल्लक आहेत असे मानतात.

परंतु वरण, भाजी, आमटी, कोशिंबीर, भाकरीच्या पिठातली चिमूट यांवर कुठले लेबल नसते. प्रत्येक पदार्थातले मीठ मोजत बसणे कोणत्याही गृहिणीला शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. मिठाचे नवे पाकीट उघडताना त्यावर तारीख लिहून ठेवावी, एवढे पुरे. आपल्या उदाहरणातल्या घरी १ किलो मीठ ६० दिवस पुरले. १००० ग्रॅमला चार माणसांनी आणि ६० दिवसांनी भागले, की माणशी रोजचे सुमारे ४.२ ग्रॅम येतात. त्यांतले सोडियम अंदाजे १६४० मिलिग्रॅम, म्हणजे ८२ टक्के. पाकिटांचे ६९ आणि घरच्या मिठाचे ८२ मिळून दिवस १५१ टक्क्यांवर गेला. साडेसात ग्रॅमहून अधिक मीठ पोटात गेले, आणि ताटात वरून मीठ तर कुणी घेतलेच नव्हते.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. लोणचे घरीच, त्याच पाकिटातल्या मिठाने घातले असेल, तर त्याचे २३ टक्के वेगळे धरू नयेत. तेच मीठ दोनदा मोजले जाईल. भाज्या धुण्यासाठी वा गुळण्यांसाठी वापरलेले मीठ वजा करायला हवे. चौघांपैकी एक जण रोज बाहेर जेवत असेल, तर भागाकार तिघांनीच करावा. उलट, खाण्याच्या सोड्यातही वजनाच्या चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक सोडियम असते, आणि घरच्या ढोकळ्याचा सोडा या हिशेबात येत नाही. पाकिटावरच्या आकड्यात मात्र मीठ, सोडा आणि इतर क्षार या सर्वांचे सोडियम धरलेले असते. म्हणून चवीला खारट न लागणाऱ्या बिस्किटांचाही टक्का कधीकधी चकित करतो.

बेरीज मांडली, की कात्री कुठे लावायची ते दिसते. फरसाण वाटीऐवजी छापील वाढणीइतके, २० ग्रॅम घेतले, तर १२ टक्के वाचतात. लोणचे निम्मे केले, तर ११. पण मोठा हिस्सा घरच्याच मिठाचा आहे. तेच पाकीट ६० ऐवजी ८० दिवस पुरवले, तर एकट्याने २० टक्के कमी होतात. माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हावी. पाव अथवा लोणी सोडून देण्याचा निश्चय चार दिवस टिकतो. मिठाच्या डब्यातला चमचा बदलून जरा लहान ठेवला, तर घरात कुणाला सांगावेही लागत नाही.

परदेशी राहणाऱ्या आप्तांनी अमेरिकेतून आणलेल्या पाकिटावरचे टक्के मात्र या बेरजेत तसेच घालू नयेत. तिथे सोडियमची दैनिक मर्यादा २३०० मिलिग्रॅम धरतात. त्यामुळे तिथले २० टक्के म्हणजे ४६० मिलिग्रॅम; आपल्या मोजमापात ते २३ टक्के होतात. तिथेही मिलिग्रॅमचा आकडा छापलेला असतो; त्यालाच २० ने भागावे.

आणि घरात लहान मूल असेल, तर २० हा भाजक त्याच्यासाठी चालत नाही. मुलांची सोडियमची मर्यादा त्यांच्या ऊर्जेच्या गरजेच्या प्रमाणात कमी धरतात. चार ते सहा वर्षांच्या मुलाची ऊर्जेची गरज राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात १३६० किलोकॅलरी दिली आहे. त्या प्रमाणात सोडियमची मर्यादाही सुमारे १३६० मिलिग्रॅमवर येते. म्हणजे मिलिग्रॅमना २० ऐवजी साधारण साडेतेराने भागायचे. झटपट नूडल्सच्या पाकिटात ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर त्यावर ४० टक्के छापलेले असतात. पाच वर्षांच्या मुलाने ते एकट्याने संपवले, तर त्याच्या दिवसाचे ५९ टक्के तेवढ्यातच भरतात, आणि रात्रीचे जेवण अजून व्हायचे असते.