फोटो बदललात? मग तसे फोटोवरच लिहा

गेली काही वर्षे मी तामिळनाडूत, तंजावर जिल्ह्यातल्या पापनाशम इथे पोटापाण्यासाठी राहतो. इथून जवळच कुंभकोणम आहे. 6 डिसेंबर 2022 रोजी, महापरिनिर्वाण दिनी, त्या शहराच्या भिंतींवर बाबासाहेबांची पोस्टर्स लागली होती. अंगात भगवा शर्ट, कपाळावर विभूती आणि कुंकू, आणि सोबत त्यांना भगवा नेता ठरवणारा मजकूर. ती लावली होती हिंदू मक्कल कच्ची या संघटनेने. विदुथलाई चिरुथैगल कच्चीने निषेध केला, पोस्टर्स उतरवली गेली, संघटनेच्या स्थानिक पदाधिकाऱ्याला अटक झाली.

आपण सगळेच तेव्हा संतापलो आणि तो संताप रास्तच होता. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखोंच्या साक्षीने बावीस प्रतिज्ञा देणाऱ्या माणसाच्या कपाळाला विभूती फासणे, हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय पुसण्याचा प्रयत्न होता. त्या पोस्टरवर कुठेही लिहिलेले नव्हते की हे चित्र आम्ही बदलले आहे. ‘आम्हाला बाबासाहेब असे हवेत’ असे लिहिले असते, तर ते निदान त्यांचे मत ठरले असते आणि त्या मताशी आपण भांडलो असतो. न लिहिल्यामुळे ते मत पुरावा बनून भिंतीवर बसले.

इथवर माझ्याशी सगळे सहमत असतील. आता मी जे सांगणार आहे ते काहींना रुचणार नाही. हाच उद्योग आपणही करतो, आणि मी स्वतः केला आहे.

2024 च्या 14 एप्रिलची गोष्ट. पापनाशमजवळच्या एका गावात भीमजयंतीची मिरवणूक मुख्य रस्त्याच्या तोंडाशी अडवली गेली. ‘कॉलनी’तून (इकडे दलित वस्तीला कॉलनीच म्हणतात) निघालेले लोक देवळाच्या रस्त्याने जाणार नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. आडवी लावलेली बॅरिकेड्स, त्यामागे पोलीस आणि अलीकडे पंचवीस-तीस माणसे. मी मोबाईलवर फोटो काढला. तिन्हीसांज झाली होती, हात हलला, माणसे धूसर आली. फोटो फार ‘किरकोळ’ दिसत होता. मग मी आदल्या वर्षीच्या मिरवणुकीच्या फोटोतली गर्दी कापली आणि खालच्या अर्ध्या भागात बसवली. बॅरिकेड्स खरी, पोलीस खरे, अडवणूक खरी. फक्त माणसे कालची. रात्री दहाला तो फोटो सगळ्या ग्रुपवर गेला. त्यात बदल केल्याचे मी कुठेच लिहिले नाही.

दोन दिवसांत एकाने त्या गर्दीतल्या बॅनरवर लाल वर्तुळ काढून फोटो परत पाठवला. बॅनरवर आकडा होता 132. ती 2023 ची जयंती. 2024 ची 133 वी. आकडा वाचायला तमिळही यावे लागत नाही. मग सोबत आदल्या वर्षीचा मूळ फोटोही फिरू लागला. वस्तीतल्या लोकांनी तक्रार दिली होती. चौकशीला आलेल्या साहेबाने पहिला प्रश्न अडवणुकीचा विचारलाच नाही, “हा बनावट फोटो कोणी केला?” असे विचारले. ज्या म्हाताऱ्या अण्णांनी साक्ष द्यायची तयारी केली होती, ते मला एवढेच म्हणाले, “तोळर, आम्ही तीसच होतो. तीस कमी होते का?”

याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. मी त्यांची खरी साक्ष माझ्या खोट्या गर्दीखाली गाडली.

याहून मोठे उदाहरण हवे तर 2020 चे हाथरस आठवा. पीडितेच्या नावाने देशभर एका तरुणीचा फोटो फिरला. आपल्याकडच्या कितीतरी जणांनी तो डीपीला लावला, पोस्टरवर छापला. तो फोटो तिचा नव्हताच. दुसऱ्याच एका, आधीच वारलेल्या तरुणीचा होता. तिच्या पतीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. इथे फोटोत काही खोडले-जोडले नव्हते, माणूसच बदलला होता. आणि हेही मान्य करू की खाली ‘प्रतीकात्मक’ लिहून हा गुन्हा धुतला गेला नसता. खऱ्या पीडितेची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे, आणि तिच्या जागी दुसऱ्या बाईचा चेहरा उभा करणे हा त्या दुसऱ्या बाईवर अन्याय आहे. अशा वेळी चेहरा नकोच. लेबल सगळ्याला पुरत नाही.

पण जिथे पुरते, तिथे ते नीट लावायला हवे. आपण बहुतेकदा फोटोखालच्या ओळीत लिहितो. फोटो पुढे जातो, ओळ मागे राहते. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिले तर पहिला स्क्रीनशॉट घेणारा कोपरा कापतो. म्हणून पट्टी फोटोवरच हवी, आणि बदललेला भाग जिथे आहे तिथून जाणारी हवी. ‘एडिटेड’ एवढा एक शब्दही पुरेसा नाही. काय बदलले ते सांगा: ‘गर्दी 2023 च्या फोटोतली आहे’, ‘चेहरे ओळख लपवण्यासाठी झाकले आहेत’, ‘हे काल्पनिक चित्र आहे’. चेहरे झाकणे चांगल्या हेतूने केलेले असते, पण तोही बदलच. तो सांगितला की कोणी ‘अजून काय झाकलंत?’ असे विचारू शकत नाही.

आणि मूळ फाइल जपा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, त्यातली वेळ-ठिकाणाची नोंद गळते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते. अॅट्रॉसिटीची केस उभी राहिली तर हाच फरक कोर्टात उभा राहतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचा ‘हॅश’ नोंदवावा लागतो. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला अंगठ्याचा ठसा. फोटोतला एक ठिपका बदलला तरी तो ठसा बदलतो. माझ्या जोडलेल्या फोटोला असा ठसा काढून काय उपयोग होता?

काही साथी म्हणतात, “ते कधी लेबल लावत नाहीत, मग आम्हीच का?” कारण त्यांचे खोटे पकडले गेले तर त्यांचे एक पोस्टर उतरते. आपले खोटे पकडले गेले तर आपल्या सगळ्या खऱ्या फोटोंवर ‘हाही बनवलेलाच’ असा शिक्का बसतो. त्यांच्यामागे सत्ता आहे, पैसा आहे, ब्राह्मणी माध्यमे आहेत. आपल्यामागे फक्त साक्षीदार आहेत. साक्षीदाराची पत गेली की उरते काय?

तो धूसर फोटो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. त्यात तीस माणसे आहेत, एकही जास्त नाही. पुढच्या सुनावणीला मी तोच घेऊन जाणार आहे, आणि सोबत माझा जोडलेला फोटोही, त्यावर लाल पट्टीत लिहून: ‘यातली गर्दी मी बदलली होती.’

जय भीम.